टीव्हीवरचा सिनेमा अडखळत होता: 60 हर्ट्झवरून 23.976 पर्यंत

मे महिन्यात नागपुरात दुपारी कुणी घराबाहेर पडत नाही. प्रतापनगरच्या आमच्या घरी तेव्हा खिडकीतला कूलर सुरू असतो, पडदे ओढलेले असतात आणि बाबांना जुना सिनेमा हवा असतो. आमच्याकडच्या ब्ल्यू-रे डिस्क मी लॅपटॉपवर घेऊन ठेवल्या आहेत. लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडायचा आणि सिनेमा लावायचा, एवढंच काम.

त्या दिवशी सिनेमात एक लांब दृश्य आलं. कॅमेरा डावीकडून उजवीकडे शेतावरून हळूहळू फिरतो आणि दूरवर बैलगाडी चाललेली दिसते. कॅमेरा फिरत होता, पण बांधावरची झाडं सरळ सरकत नव्हती. थोडी थांबत, मग पटकन पुढे जात, पुन्हा थांबत. बाबा म्हणाले, "हे काऊन असं अडकून अडकून चालून राहिलं? थेटरात तर असं नाही दिसत." मला ते कित्येक महिन्यांपासून दिसत होतं, पण फाईलच तशी असेल असं मी धरून चाललो होतो. बाबांनी थिएटरची आठवण काढल्यावर मात्र ते मनातून जाईना.

पहिला संशय केबलवर. सीताबर्डीहून नवी केबल आणली, काही फरक पडला नाही. दुसरा संशय लॅपटॉपवर: त्याला फाईल वेळेत उलगडता येत नसेल आणि तो फ्रेम गाळत असेल. मी mpv हा प्लेअर वापरतो. त्यात सिनेमा सुरू असताना `i` हे बटण दाबलं की पडद्यावर माहिती येते. गाळलेल्या फ्रेम शून्य. पण त्याच माहितीत दोन आकडे होते. सिनेमाचा वेग सेकंदाला 23.976 फ्रेम आणि टीव्हीचा रिफ्रेश रेट 60 हर्ट्झ. हिसक्याचं मूळ या दोन आकड्यांतच होतं.

टीव्ही सेकंदाला 60 वेळा चित्र नव्याने काढतो. सिनेमात सेकंदाला जवळपास 24 चित्रं असतात. 60 ला 24 ने भागलं तर अडीच येतात, आणि टीव्हीला एखादं चित्र अडीच वेळा दाखवता येत नाही. म्हणून एक फ्रेम दोनदा दाखवली जाते, पुढची तीनदा, मग दोनदा, मग तीनदा. म्हणजे एक फ्रेम 33 मिलिसेकंद टिकते आणि पुढची 50. कॅमेऱ्याने मात्र सगळ्या फ्रेम सारख्या अंतराने टिपलेल्या असतात. संवाद सुरू असताना, माणसं बसलेली असताना, हा फरक डोळ्याला कळत नाही. पण कॅमेरा हळू आणि एकसारखा फिरला की डोळा झाडाचा पाठलाग करतो, आणि झाड कधी थोडा वेळ तर कधी जास्त वेळ एका जागी थांबतं. हाच तो हिसका. लॅपटॉप कमी पडला असता तर तो केव्हाही, कसाही आला असता. हा मात्र ठेक्यात येतो आणि कॅमेरा असा फिरला की प्रत्येक वेळी येतो. दोन्हींतला फरक ओळखायची ही सोपी खूण आहे.

माझा भाचा सुट्टीत आला होता. तो म्हणाला, "मामा, मोबाईलच्या स्लो मोशनने शूट करून पाहू ना." ही युक्ती फार कामाची निघाली. त्याच्या फोनमध्ये सेकंदाला 240 फ्रेमचं चित्रीकरण होतं. आम्ही ते शेताचं दृश्य टीव्हीवरून टिपलं आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजलं: टीव्हीवरचं एक चित्र फोनच्या किती फ्रेमपर्यंत बदलत नाही? 8, मग 12, मग 8, मग 12. टीव्हीची एक फेरी म्हणजे फोनच्या 4 फ्रेम, तेव्हा दोन फेऱ्यांच्या 8 आणि तीन फेऱ्यांच्या 12. कागदावरचा हिशेब पडद्यावर तसाच्या तसा उतरला होता.

म्हणजे टीव्हीच सिनेमाच्या वेगावर आणायला हवा होता. विंडोजमध्ये Settings, मग System, Display आणि Advanced display इथे रिफ्रेश रेट बदलता येतो. मी गेलो, तर यादीत 24 च्या जवळचं काहीच नाही. कारण लॅपटॉपचा पडदा आणि टीव्ही दोन्हींवर एकच चित्र दाखवायची सोय चालू होती, आणि त्यात दोघांना जमणारेच वेग मिळतात. विंडोजची कळ धरून P दाबलं, Second screen only निवडलं, आणि मग यादी लांब झाली. त्यात 24 होता आणि त्याच्या शेजारी आणखी एक वेग होता. तो विंडोजच्या आवृत्तीप्रमाणे कुठे 23.976, कुठे 23.98, तर जुन्या खिडकीत नुसता 23 म्हणून दिसतो. तिन्ही एकच.

मी आधी 24 निवडला, पूर्ण आकडा बरा म्हणून. टीव्ही दोन सेकंद काळा झाला, परत आला, आणि शेतावरून कॅमेरा फिरला तो अगदी एकसारखा. फोनने मोजलं: 10, 10, 10, 10. बाबा काही बोलले नाहीत, ते सिनेमा बघत होते, आणि माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं. पण थोड्या वेळाने एका लांब दृश्यात एकच बारीक धक्का बसला. पुढे पुन्हा एक. घड्याळ लावून पाहिलं तर दोन धक्क्यांत 41-42 सेकंदांचं अंतर.

या अंतराचा उगम अमेरिकेत आहे. तिथे 1953 मध्ये रंगीत टीव्हीचा दर्जा ठरला तेव्हा जुन्या कृष्णधवल संचांवरही कार्यक्रम दिसावेत आणि रंगाचा संकेत आवाजाच्या संकेतात मिसळू नये म्हणून चित्राचा वेग हजारात एक भाग इतका कमी केला गेला. सेकंदाला 30 होता तो 29.97 झाला. त्या टीव्हीवर दाखवायचा सिनेमाही त्याच प्रमाणात हळू केला गेला आणि 24 चा 23.976 झाला. डिस्कवर आजही बहुतेक सिनेमे याच वेगाने असतात. टीव्ही खऱ्या 24 वर आणि सिनेमा 23.976 वर चालला तर टीव्ही हळूहळू पुढे निघतो. साधारण 42 सेकंदांत तो पूर्ण एका फ्रेमने पुढे जातो आणि तेवढं भरून काढायला एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते. तो माझा धक्का.

म्हणून प्रत्येक फाईलचा खरा वेग आधी तपासावा, अंदाज करू नये. मी ही आज्ञा वापरतो:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=r_frame_rate -of csv=p=0 film.mkv
```

उत्तर `24000/1001` आलं तर तो 23.976, `24/1` आलं तर पूर्ण 24, आणि `25/1` आलं तर 25. टीव्ही 23.976 वर ठेवला आणि तो धक्काही गेला.

ज्यांच्या टीव्हीत 24 आणि 23.976 या दोनांपैकी एकच वेग मिळतो त्यांच्यासाठी mpv मध्ये एक सोय आहे:

```
mpv --fs --video-sync=display-resample film.mkv
```

यात प्लेअर सिनेमाला टीव्हीच्या घड्याळावर चालवतो आणि आवाज त्याच्याशी जुळवून घेतो. हजारात एक भाग इतका फरक कानाला कळत नाही. पण हा उपाय असा किरकोळ फरक भरून काढण्यापुरताच आहे. टीव्ही 60 वरच ठेवून हे केलं तर 2-3 चा ठेका तसाच राहतो. आणि आवाज न उलगडता थेट बाहेरच्या ॲम्प्लिफायरकडे पाठवत असाल तर प्लेअरला तो ताणता-आवळता येत नाही, मग ही सोय लागू पडत नाही.

इतकं जमल्यावर मी खामल्याला काकांकडे गेलो, त्यांचा टीव्हीही ठीक करावा म्हणून. तिथे वेगळंच घडलं. टीव्हीने 24 हर्ट्झ निमूटपणे घेतला, माहितीच्या पट्टीत 24 दाखवला, पण हिसका तसाच. फोनने मोजलं तर पुन्हा 8 आणि 12. म्हणजे टीव्ही आत येणारा संकेत 24 चा घेत होता आणि पडद्यावर मात्र स्वतःच 60 करून दाखवत होता. गेम मोड बंद केला, पिक्चरच्या मेनूतली सिनेमासाठीची सेटिंग चालू केली, तरी आकडे बदलले नाहीत. तिथे मी थांबलो. पट्टीवरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता मोजून पाहायला हवं, हे मला त्यांच्या घरी कळलं.

भाच्याच्या मॉनिटरचं तर आणखी निराळं. त्याचा मॉनिटर 75 हर्ट्झचा, 24 घेतच नाही. अशा वेळी सिनेमाच्या वेगाची पूर्ण पट शोधायची. ग्राफिक्स कार्डच्या पॅनेलमधून आम्ही 71.928 हर्ट्झचा नवा वेग तयार केला, म्हणजे 23.976 च्या बरोबर तिप्पट. प्रत्येक फ्रेम तीनदा. मॉनिटरला तो मानवला. मानवला नसता तर पडदा काळा झाला असता, तेव्हा काही न दाबता थोडं थांबायचं. नवा वेग कायम ठेवायला होकार मिळाला नाही की जुना आपोआप परत येतो. ज्यांच्याकडे 120 हर्ट्झचा पडदा आहे त्यांना एवढा खटाटोप नको, तिथे प्रत्येक फ्रेम पाच वेळा बसते. त्यांनी फक्त 119.88 की 120 एवढं पाहावं.

वेग जुळल्यावरही फार जोरात फिरणारा कॅमेरा थोडा तुटक दिसतोच. तो सेकंदाला 24 चित्रांचाच गुण आहे, थिएटरातही दिसतो. टीव्हीतली चित्रं गुळगुळीत करणारी सोय तो घालवते, पण त्यासाठी मधली चित्रं स्वतः तयार करून घुसवते. मग सिनेमा स्टुडिओतल्या मालिकेसारखा दिसतो आणि हलत्या हाताच्या कडा विरघळतात. मी ती बंदच ठेवतो.

एक अडचण उरली. 24 वर माऊसचा बाण रखडत चालतो, म्हणून सिनेमा संपला की परत 60 वर यावं लागतं, आणि आईला रोज ते मेनू उघडायला लावणं मला पटत नव्हतं. शेवटी लॅपटॉपवर Kodi, म्हणजे कोडी, हे सिनेमे लावायचं ॲप टाकलं. त्यात Settings, Player, Videos इथे Adjust display refresh rate ही ओळ On start / stop वर ठेवली की सिनेमा लागताना टीव्हीचा वेग आपोआप जुळतो आणि संपल्यावर परत येतो. टीव्ही मधे काळा होतो तेवढ्यात पहिला संवाद निसटत होता, म्हणून शेजारच्या सेटिंगमध्ये तीन सेकंदांचा थांबा दिला.

मागच्या रविवारी आईने ताईच्या लग्नाची डीव्हीडी काढली, तिचीही फाईल मी करून ठेवली होती. आपल्याकडचा टीव्ही पहिल्यापासून 25 फ्रेमचा, लग्नाचे कॅमेरेही तसेच. 60 वर ती वरात नेहमी थरथरत जायची. आईने रिमोट दाबला, पडदा क्षणभर काळा झाला आणि वर कोपऱ्यात 50 हर्ट्झ आलं. वरात संथ चालत मांडवापर्यंत आली. आई म्हणाली, "थांब, परत लाव, तुझी आजी दिसली."