काळा मसाला, चार महिने आणि दोनशे चाळीस किलो

बचत गटांचा माल घाऊक खरेदीदारांपर्यंत पोहोचवण्याचे काम मी करते. लातूरला खरेदीदार आणि गट यांची जी बैठक झाली, तीत कळंब तालुक्यातील एका गटाचा काळा मसाला मी आणि त्या गटाच्या अध्यक्षबाईंनी मिळून मांडला. समोर होते कारखान्यांच्या आणि वसतिगृहांच्या खाणावळी चालवणाऱ्या एका कंपनीचे खरेदी अधिकारी. त्यांना दरमहा पाचशे किलो मसाला हवा होता आणि तेवढा माल देऊ शकणारे दोन व्यापारी त्यांना आधीच भेटून गेले होते.

आमच्याकडे चार पानांचे माहितीपत्रक, तपासणीचा अहवाल, सीलबंद नमुने आणि तीन लहान बरण्या होत्या. बरण्या सोबत घ्याव्यात की नाही, यावर निघण्यापूर्वी गटात बराच वाद झाला होता. हा गट प्रत्येक बॅचमधला दोनशे ग्रॅम मसाला बॅच क्रमांक आणि दळणाची तारीख लिहून कपाटात राखून ठेवतो. त्यांतल्या एक, तीन आणि सहा महिन्यांपूर्वीच्या बरण्या आम्ही निवडल्या होत्या. सहा महिन्यांची बरणी दाखवणे म्हणजे स्वतःच्या मालाचा उणेपणा दाखवणे, असे गटातल्या दोघींचे म्हणणे होते आणि त्यात तथ्यही होते.

अधिकाऱ्यांनी अहवाल हातात घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला, तो म्हणजे हा अहवाल नेमक्या कोणत्या मालाचा आहे. प्रश्न रास्त होता, कारण प्रयोगशाळेच्या अहवालावर सहसा स्पष्ट लिहिलेले असते की निष्कर्ष फक्त तपासलेल्या नमुन्यापुरते आहेत. आणि पाव किलो मसाला खास निगुतीने करून तपासणीला पाठवायचा, विक्रीचा माल मात्र वेगळाच करायचा, हा प्रकार या धंद्यात नवीन नाही. आमच्या अहवालावर नमुन्याच्या वर्णनात बॅच क्रमांक होता, तोच क्रमांक तीन महिन्यांच्या बरणीवर होता आणि त्याच बॅचच्या नोंदवहीच्या पानाची छायाप्रतही जोडलेली होती. मिरची कोणत्या खेपेची, कच्चा माल किती, तयार माल किती आणि त्या दिवशी भाजणीला कोण होते, हे सारे त्या पानावर होते. परवान्याचा चौदा अंकी क्रमांक तर सगळेच दाखवतात. अधिकाऱ्यांनी तो नुसता पाहिला आणि पान उलटले.

अहवालातल्या दोन आकड्यांवर मात्र ते थांबले. पहिला आकडा ओलाव्याचा होता. मसाल्यात ओल राहिली की गुठळ्या होतात आणि बुरशी लागते, म्हणून तो पाहणे ओघाने आलेच. दुसरा आकडा आम्लात न विरघळणाऱ्या राखेचा होता. या राखेवरून मसाल्यात माती आणि वाळू किती गेली ते कळते, म्हणजे मिरची आणि धने कुठे व कसे वाळवले याची ती एक प्रकारे साक्षच असते. आमचा आकडा ०.८ टक्के होता. घरगुती माल असूनही तो इतका कमी कसा, असे त्यांनी विचारले, तेव्हा मी माहितीपत्रकातले वाळवणाचे छायाचित्र पुढे केले: जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर ठेवलेल्या बाजा, त्यांवर पांढरे कापड, कापडावर देठ काढलेली मिरची आणि वरून बारीक जाळी. गच्चीवर चादर अंथरून वाळवलेल्या मिरचीत वाऱ्याबरोबर धूळ बसते आणि भाजून, कांडून झाल्यावर ती काही केल्या निघत नाही. नुसते छायाचित्र पाहून कोणीही विश्वास ठेवत नाही, आणि नुसता आकडाही योगायोगाने चांगला येऊ शकतो. दोन्ही शेजारी ठेवल्यावर अधिकाऱ्यांनी बाजांविषयी आणखी प्रश्न विचारले नाहीत.

छायाचित्रांबाबत आम्ही एक पथ्य पाळतो. तयार मसाल्याचे छायाचित्र सकाळच्या उजेडात, सावलीत, पांढऱ्या कागदावर घेतले जाते आणि चौकटीत बॅचची चिठ्ठी दिसलीच पाहिजे. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली काळा मसाला तांबूस दिसतो, मोबाइलने रंग गडद केला तर तो आणखी खुलतो, आणि मग प्रत्यक्ष माल पोहोचल्यावर खरेदीदार म्हणतो की दाखवला तो रंग हा नव्हे. वेष्टनाची पुढची आणि मागची बाजू वेगवेगळी टिपलेली होती, जेणेकरून घटक पदार्थ, वजन, तारीख आणि हिरवे शाकाहारी चिन्ह सहज वाचता यावे. मसाल्याभोवती फुले आणि पितळी वाट्या मांडलेले एक सुंदर छायाचित्रही गटाकडे होते. ते जत्रेतल्या फलकासाठी ठेवले आणि माहितीपत्रकातून वगळले.

मग मुदतीचा विषय निघाला. पिशवीवर चार महिने लिहिलेले पाहून अधिकारी म्हणाले, “ताई, आमच्या गोदामाला किमान नऊ महिने लागतात. बाकीचे सगळे बारा महिने लिहून देतात.” मी काही बोलण्याआधीच अध्यक्षबाईंनी सहा महिन्यांच्या बरणीचे झाकण काढले आणि ती त्यांच्यापुढे सरकवली. “साहेब, आधी ह्याचा वास घ्या. सहा महिन्यांचा हाय हा. आमच्या मसाल्यात खोबरं हाय, तीळ हाय, त्यांचं तेल खवट व्हतं. मग बारा महिने कसे लिहू?” अधिकाऱ्यांनी एक आणि सहा महिन्यांच्या बरण्या आलटून पालटून हुंगल्या. फरक फार नव्हता, पण होता: एकीत भाजलेल्या खोबऱ्याचा गोडसर वास होता आणि दुसरीत जुन्या तेलाची किंचित झाक. जिभेला हा फरक अजून कळला नसता. खवटपणा नाकाला आधी कळतो.

त्यावर त्यांनी सुचवले की खोबरे आणि तीळ काढून टाका, मुदत आपोआप वाढेल. हे खरेच होते. पण खोबरे गेले की आमटीचा दाटपणा जातो, आणि शिवाय घटक बदलले की तो वेगळा पदार्थ होतो, ज्याला वेगळे वेष्टन, वेगळी तपासणी आणि नव्याने राखून ठेवलेले नमुने लागतात. जुना अहवाल त्याला चालत नाही. असा मसाला करायची आमची ना नव्हती, पण त्यावर आजच नऊ महिने लिहून द्यायला आम्ही तयार नव्हतो. त्याऐवजी महिन्याला लागेल तेवढाच ताजा माल दरमहा पाठवण्याची योजना आम्ही मांडली, आणि त्यामुळे प्रश्न आपसूक क्षमतेवर आला.

गटाकडचे कांडप यंत्र तासाला पंधरा किलो मसाला करते. आठ तास आणि पंचवीस दिवस धरले तर महिन्याला तीन हजार किलो होतात, आणि अनेक गटांच्या पत्रकांत हाच यंत्राच्या पाटीवरचा आकडा छापलेला असतो. वास्तविक मर्यादा भाजणीची असते. मिरची, धने, तीळ, खोबरे आणि गरम मसाले यांतला प्रत्येक जिन्नस वेगळा भाजावा लागतो, कारण धने खमंग होईपर्यंत तीळ जळून जातात. दहा किलो तयार मसाल्याची भाजणी एका कढईत अडीच तास घेते. निवडणे आणि गार करणे धरून एका कढईचे दिवसाला दोनच घाणे होतात. दोन कढया आणि सहा बायका मिळून दिवसाचे चाळीस किलो. उन्हाळ्यात महिन्याचे बारा दिवस काम चालते, म्हणजे चारशे ऐंशी किलो. खरिपाची खुरपणी आणि सोयाबीनची काढणी सुरू झाली की याच बायका शेतात असतात आणि जेमतेम सहा दिवस मिळतात. मग दोनशे चाळीस. त्यात पावसाळ्यात भाजलेला जिन्नस हवेतली ओल धरतो, म्हणून तो त्याच दिवशी कांडावा लागतो आणि वीज गेली तर तो दिवसही अर्धा होतो.

म्हणून पत्रकात आम्ही दोन आकडे दिले होते: वर्षभर हमखास दोनशे चाळीस, आणि फेब्रुवारी ते मे चारशे ऐंशीपर्यंत. पाचशेच्या मागणीपुढे हा आकडा तोकडा होता. अधिकारी काही वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि म्हणाले की बारा महिन्यांत सहा वेळा माल चुकवणाऱ्यापेक्षा अर्धाच माल पण ठरलेल्या तारखेला देणारा त्यांना चालेल; उरलेला माल ते दुसरीकडून घेतील.

दराची पानभर फोड आम्ही तोंडी समजावून सांगितली. दहा किलो मसाल्याला बारा किलो कच्चा माल लागतो, कारण देठ, ओल आणि कांडपातली तूट जाते. त्या हिशेबाने किलोमागे कच्चा माल ३१० रुपये, मजुरी ४५, गॅस १२, वीज ८, वेष्टन १५, तपासणी ५, वाहतूक १० आणि नासधूस ५, असे एकूण ४१० रुपये होतात. आमचा दर होता ४८०. त्यांनी ४२० सांगितले आणि मजुरीवर बोट ठेवले. मजुरीचा तो आकडा हलवता येत नव्हता: दिवसाच्या चाळीस किलोंवर ४५ रुपयांप्रमाणे अठराशे रुपये होतात, म्हणजे सहा जणींना प्रत्येकी तीनशे, आणि त्याखाली गेले की बायका सरळ खुरपणीला जातात. जिथे खर्च खरोखर कमी होत होता ते मात्र आम्ही सोडले. एक किलोच्या पिशव्यांऐवजी पाच किलोच्या घेतल्या तर ९ रुपये वाचतात आणि माल त्यांच्या गाडीने कळंबहून उचलला तर १०. दर ४६० वर आला.

राहिला पैसे मिळण्याचा कालावधी. ते साठ दिवसांवर अडून होते. दोनशे चाळीस किलोंचा खर्चच महिन्याला चौऱ्याण्णव हजारांच्या घरात जातो, आणि वर्षाची मिरची तर आवकेच्या दिवसांत, भाव उतरलेले असताना एकदमच भरून ठेवावी लागते. दोन महिने पैसे अडकले तर गटाला कढई पेटवता येणार नाही. गटाची उद्यम नोंदणी होती. सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात, ही कायद्यातली तरतूद मी त्यांना दाखवली. ती त्यांना ठाऊक होती. पंधरा दिवसांत पैसे देणार असाल तरच ४६० आणि पंचेचाळीस दिवसांना ४७०, असे दोन पर्याय ठेवल्यावर त्यांनी कार्यालयात फोन करून पहिला पर्याय घेतला.

सुरुवातीला पन्नास किलोंची मागणी दोन खेपांत आली. प्रत्येक खेपेतला एक सीलबंद नमुना त्यांच्याकडे आणि एक आमच्याकडे राहील, असे मागणीपत्रातच लिहून घेतले. दुसऱ्या खेपेचा रंग उजळ असल्याची तक्रार आलीच. दोन्ही नमुने आणि नोंदवही ताडून पाहिल्यावर मिरचीची खेप बदलल्याचे कळले. वास आणि तिखटपणा तोच असल्याने माल त्यांनी ठेवून घेतला, पण मिरचीची खेप बदलली की आधी अर्धा किलो नमुना पाठवायचा आणि होकार आल्यावरच पुढची भाजणी सुरू करायची, ही अट नियमित मागणीच्या करारात जोडली गेली.