पुसलं का?

सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण आलं, त्यात 'शाळेतील आठवणी लिहून पाठवा' असं होतं. प्रार्थना, स्नेहसंमेलन, निकाल यांवर बाकीचे लिहितीलच. मला आठवतात ते फक्त आपले वर्कशॉपचे सर. नाव लिहायची गरज नाही. मुलं त्यांना पाठीमागे 'झीरो सर' म्हणायची.

नववीत लेथवर माझा जॉब होता एक दांडा. तो २५ मिलिमीटरच्या रिंगमध्ये हाताने सरकायला हवा होता. मी लेथ बंद करून व्हर्निअर लावला. मुख्य पट्टीवर २४ पार झाले होते आणि व्हर्निअरची ४८वी रेघ जुळत होती. आपल्या व्हर्निअरवर ४९ मिलिमीटरचे ५० भाग होते, म्हणजे एका रेघेचे ०.०२. अठ्ठेचाळीस रेघांचे ०.९६. एकूण २४.९६. खुशीत रिंग लावायला गेलो, तर ती तोंडाशीच अडली.

"सर, रिंगच लहान आहे."

सरांनी ना रिंग पाहिली, ना दांडा. व्हर्निअर हातात घेतला. "पुसलं का?"

नव्हतं पुसलं. त्यांनी धोतराच्या जुन्या फडक्याने दोन्ही जबडे आतून पुसले. कीस अडकला असेल तर जबडे पूर्ण मिटत नाहीत आणि माप आहे त्याहून जास्त दिसतं, त्यामुळे आधी तो गेला पाहिजे. मग अलगद मिटवून खिडकीच्या उजेडाकडे धरले. मधून उजेड दिसत नव्हता. तरी व्हर्निअरचं शून्य मुख्य पट्टीच्या शून्याच्या डावीकडे गेलेलं होतं. जबडे वर्षानुवर्षं झिजले होते.

"जुळलेली रेघ?"

"सत्तेचाळीस. म्हणजे ०.९४."

वर्गात हशा पिकला, पण सर हसले नाहीत. शून्य डावीकडे गेलं की रेघा मागून मोजायच्या, हे त्यांनी तेव्हाच समजावलं. पन्नासातून सत्तेचाळीस गेले, उरले तीन. तीन रेघांचे ०.०६, तेही उणे. असा व्हर्निअर प्रत्येक माप ०.०६ ने कमी दाखवतो, म्हणून वाचनात तेवढं मिळवायचं. शून्य उजवीकडे असेल तर वजा करायचं. माझा दांडा २४.९६ चा नव्हताच, २५.०२ चा होता. रिंगेचा काय दोष!

तेवढ्यावर थांबतील तर ते सर कसले! त्यांनी दांड्याला व्हर्निअर लावला, स्क्रू हलका आवळला आणि तिघांना वाचायला सांगितलं. एक डावीकडून वाकला, एक उजवीकडून, मी समोर होतो. उत्तरं आली ४९, ४७ आणि ४८. व्हर्निअरच्या रेघा मुख्य पट्टीच्या रेघांच्या अगदी बरोबरीत नसतात, किंचित वर असतात. तिरकं पाहिलं की वरची रेघ बाजूला सरकल्यासारखी दिसते आणि शेजारचीच जुळते. पुस्तकात याला पॅरॅलॅक्स म्हणतात, सर 'तिरकी नजर' म्हणायचे. एक डोळा मिटून पट्टीवर काटकोनात बघायचं आणि खात्रीसाठी जुळलेल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना एक-दोन रेघा तपासायच्या. व्हर्निअरच्या त्या रेघा दोन्हीकडून सारख्याच मधल्या रेघेकडे झुकलेल्या दिसल्या तर वाचन बरोबर. एकीकडे जास्त झुकल्या तर डोकं हलवा, नाहीतर रेघ बदला.

मग त्यांनी विचारलं, "आता याच व्हर्निअरवर किती दिसलं की थांबशील?" खरं माप २४.९८ हवं होतं. मी जरा वेळ घेऊन म्हणालो, "२४.९२." मुख्य पट्टी २४, रेघ ४६वी. एमरी कापड लावून तेवढं आणलं आणि रिंग आत गेली. शाबासकी मिळाली नाही. "बरं," एवढंच.

आज भोसरीत माझं छोटं मशीन शॉप आहे. सगळे डिजिटल व्हर्निअर. आकडा समोर येतो, तिरक्या नजरेचा प्रश्न नाही. पण नवीन पोरगा जबड्यात कीस असतानाच झीरोचं बटण दाबतो, आणि मग दिवसभर प्रत्येक जॉब त्या किसाच्या जाडीएवढा लहान दिसतो. दाखवायला जुळलेली रेघही नसते. मी ओरडत नाही. फक्त विचारतो, "पुसलं का?" मुलं मला मागे काय म्हणतात ते ठाऊक नाही.

ऐकतो की वर्कशॉपच्या जागी आता कॉम्प्युटरची खोली झाली आहे. लेथ कुणी नेले, विचारवत नाही. पण त्या दिवशी सरांनी व्हर्निअरच्या लाकडी डबीत झाकणाच्या आतून एक चिठ्ठी चिकटवली होती, लाल शाईत: '०.०६ मिळवा'. कार्यक्रमाला येणार आहेच. ती डबी कुठल्या कपाटात असेल तर तेवढी काढून ठेवाल का?