एकदाच ‘रिप्लेस ऑल’ का मारत नाही

“कंपनीच्या अ‍ॅन्युअल रिपोर्टमधली कॅपिटल-स्मॉल अक्षरं बघायला इतके दिवस कसे लागतात हो? एकदाच ‘रिप्लेस ऑल’ मारलं की संपलं ना?”

नाही संपत. मी असे अहवाल छपाईआधी तपासते, आणि ‘नाही संपत’ हे मी लग्नाच्या पंगतीत सांगितलंय, लोकलच्या डब्यात सांगितलंय, आणि दर जून-जुलैत नव्यानं सांगावं लागतं. आपल्या लिपीत लहान-मोठं अक्षर नसल्यामुळे हा सगळा इंग्रजी नटवेपणा वाटतो, हे मला कळतं. शीर्षकांपुरतं ते थोडंफार खरंही आहे. ‘मॅनेजमेंट डिस्कशन अँड अ‍ॅनालिसिस’मधला ‘अँड’चा ए मोठा पडला तर कोणाचं नुकसान होत नाही. तिथे एक नियम ठरवायचा आणि शेवटच्या पानापर्यंत पाळायचा. फसगत होते ती एकाच जागी. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये शीर्षकाला ‘ऑल कॅप्स’ लावलेलं असलं की पानावर सगळी अक्षरं मोठी दिसतात, पण खाली टाइप केलेला मजकूर कसाही असू शकतो. अनुक्रमणिका त्या खालच्या मजकुरावरून तयार होते आणि तिच्या स्टाइलला ‘ऑल कॅप्स’ नसलं की सगळं उघडं पडतं. म्हणून अनुक्रमणिका मी सगळ्यात आधी वाचते.

हुद्द्यांचं काम त्याहून जिकिरीचं. एकच संचालक अहवालात किमान चार ठिकाणी भेटतो: कॉर्पोरेट माहितीचं पान, फोटोखालचा परिचय, कॉर्पोरेट गव्हर्नन्सच्या अहवालातला तक्ता आणि ताळेबंदाखालची सही. ही चार पानं चार वेगवेगळ्या टेबलांवरून आलेली असतात. कंपनी कायदा, 2013 च्या व्याख्यांमध्ये ‘होल-टाइम डायरेक्टर’ पूर्ण लहान अक्षरांत आहे आणि ‘चीफ फायनान्शियल ऑफिसर’ मोठ्या. म्हणजे कायद्यावर बोट ठेवूनही सगळे हुद्दे एका साच्यात बसत नाहीत. मी कंपनी सेक्रेटरींकडून हुद्द्यांची मंजूर यादी मागवते आणि चारही पानं तिच्याशी लावते. टाइमचा टी लहान की मोठा हा वाद मी घालत नाही. यादीत जो आहे, तोच चारही ठिकाणी पाहिजे.

आता तो ‘रिप्लेस ऑल’. काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, कंपनीचं नाव सांगणार नाही. दुसरं प्रूफ माझ्याकडे आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अहवाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर चढवायचा आणि त्याच दिवशी भागधारकांना पाठवायला सुरुवात करायची, असं ठरलेलं. वाचता वाचता ताळेबंदाच्या तळाशी नजर गेली. ‘सोबतच्या टिपा या विवरणांचा अविभाज्य भाग आहेत’ या अर्थाचं एक ठरावीक वाक्य प्रत्येक विवरणाखाली असतं. त्यात मला ‘acCompanying’ दिसलं. शब्दाच्या पोटात मोठा सी.

काय झालं असेल ते तिथेच समजलं. संचालकांच्या अहवालात ‘कंपनी’ कुठे मोठ्या सीनं, कुठे लहान सीनं होती. कंपनीतल्या कोणीतरी ‘company’ शोधून सगळीकडे ‘Company’ केलं होतं, आणि ‘पूर्ण शब्द’ ही खूण न लावता. मी कळवल्यावर त्यांनी अर्ध्या तासात ते विचित्र दिसणारे शब्द दुरुस्त केले आणि निरोप आला: झालं, फाइल सोडा.

मी सोडली नाही. कारण जे विचित्र दिसतं ते कोणीही पकडतं. उरतं ते अगदी नीटनेटकं दिसणारं. अहवालाच्या सुरुवातीला व्याख्या करून टाकलेली असते की मोठ्या सीची ‘कंपनी’ म्हणजे आपली, हीच एक. लहान सीची कंपनी म्हणजे दुसरी कुठलीही. त्यामुळे शोध-बदलानं अक्षर बदललं की बोट दुसऱ्याच माणसाकडे वळतं.

आधी लेखापरीक्षकांचा अहवाल त्यांच्या सही केलेल्या प्रतीशी ओळ न् ओळ लावला. अंतर्गत वित्तीय नियंत्रणांबद्दलच्या जोडपत्रात एक ठरावीक परिच्छेद असतो, ‘कंपनीचं अंतर्गत नियंत्रण म्हणजे काय’ हे सांगणारा. तो कोणत्याही कंपनीबद्दल बोलतो, म्हणून तिथे सी लहान. आमच्या प्रूफात तो मोठा झाला होता. दुसऱ्यानं सही केलेला मजकूर आम्ही बदललेला होता, मग अर्थ तोच राहिलेला का असेना.

खरा घोटाळा पुढे, संभाव्य देण्यांच्या टिपेत होता. आपल्या कंपनीनं एका सहयोगी कंपनीच्या बँककर्जाला हमी दिली होती. टिपेत पुढे म्हटलं होतं की कंपनी हप्ते फेडू शकली नाही तर हमीची रक्कम द्यावी लागेल. मुळात तिथे लहान सी होता, म्हणजे फेडायचं त्या सहयोगी कंपनीनं. बदलानंतर वाक्य सांगत होतं की आपलीच कंपनी हप्ते चुकवू शकते. व्याकरण शुद्ध, स्पेलिंग शुद्ध, स्पेलचेकला हरकत नाही.

मी फोन केला. पलीकडे सगळे एकत्र बसलेले. एक वरिष्ठ म्हणाले, “सी मोठा झाला म्हणून शेअर पडणार आहे का?” आणि मग फोन चालू असतानाच दुसऱ्या कोणाला तरी, “या बाई फाइल अडवून बसल्यात.” मला ते लागलं. अजूनही लागतं. मी फाइल माझ्या हौसेसाठी अडवली नव्हती. एकदा बाजाराकडे अहवाल गेला की त्यातला बदल गुपचूप करता येत नाही. सुधारित प्रत, काय बदललं आणि का बदललं याच्या खुलाशासह, सर्वसाधारण सभेनंतर 48 तासांच्या आत द्यावी लागते. मी तेवढंच सांगितलं आणि टिपेची मूळ फाइल मागवली. ती आली, त्यात सी लहानच होता. रात्री पानं बदलली. सकाळी अहवाल वेळेवर चढला. पुढच्या वर्षी त्यांचं काम माझ्याकडे आलं नाही.

मी चिवटपणा जरा कमी करायला हवा होता का? एखादे वेळी वाटतं. टिपेबद्दल ठाम राहून जोडपत्राचा एक सी सोडून दिला असता तर फोन लवकर संपला असता. पण सही दुसऱ्याची आहे, तिथे सोडून देणारी मी कोण?

आणि तरीही, कामाला लागले तेव्हाची मी माझ्याशी भांडतेच. ती म्हणायची, एका पुस्तकात एकच पद्धत पाहिजे, वाचकाला शिवण दिसता कामा नये. आज मी अहवालाचे तुकडे करून वाचते: कंपनीनं स्वतः लिहिलेला मजकूर, सरकारनं नमुना ठरवून दिलेले फॉर्म आणि दुसऱ्याच्या सहीचा मजकूर. आमची पद्धत फक्त पहिल्याला लागू. परिणाम असा की संचालकांच्या अहवालात ‘होल-टाइम डायरेक्टर’ मोठ्या अक्षरांत आणि पुढे लेखापरीक्षकांच्या पानावर लहान, असं एकाच जिल्दीत छापलं जातं. भागधारकाला त्यात गलथानपणा दिसतो आणि त्याला समजावायला मी तिथे नसते. तेव्हाच्या मला यावर काय उत्तर द्यावं, ते सुचलेलं नाही. मी लेखापरीक्षकांना आधीच विचारून बघते, सहीपूर्वी जुळवून घ्याल का. काही जण घेतात. बाकीचे म्हणतात, आमचा मसुदा आमच्या फर्मचा आहे, आणि तेही बरोबरच बोलतात.