सोडावी लागली

दुपारची जेवणं उरकल्यावर आई मेथी निवडायला बसली होती आणि तिच्यासमोर भाची वही उघडून. शाळेनं आजीला प्रश्न विचारायचा प्रकल्प दिलाय, तोही इंग्रजीत लिहून न्यायचा. आजीनं मराठीत सांगायचं, नातीनं तिथल्या तिथे इंग्रजी करायचं, आणि अडलं तर मामा आहेच. मामा पेपर तोंडावर घेऊन आडवा झालेला.

‘‘सातवीत मला शाळा सोडावी लागली,’’ आई म्हणाली. भाचीनं एका दमात ‘हॅड टु लीव्ह स्कूल’ लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. माझी झोप मात्र उडाली.

हे ‘हॅड टु’ मला एवढ्या सहज आलं नव्हतं. ते ज्या दिवशी फळ्यावर आलं त्या दिवशी मी वर्गातच नव्हतो. आमच्याकडे वाळवणाचा दिवस होता आणि गच्चीवर कावळे हाकलायला माणूस कमी पडत होतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी गैरहजेरीचं कारण इंग्रजीत लिहायला सांगितलं. ‘मस्ट’ म्हणजे ‘वं लागतं’ एवढं मला आदल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. वॉन्टचं वॉन्टेड होतं, तर मस्टचं काय होणार? मी बिनधास्त लिहिलं, ‘येस्टरडे आय मस्टेड स्टे अ‍ॅट होम.’ बाईंनी मोठ्यानं वाचून दाखवलं. वर्ग हसला, मीही हसलो, काय चुकलं ते न कळता. मग त्यांनी लाल शाईत ‘हॅड टु’ लिहिलं आणि म्हणाल्या, ‘‘मस्टला भूतकाळ नसतो रे.’’ मला ते फार अन्यायाचं वाटलं. कालची सक्ती ही काय सक्ती नव्हे? उन्हात बसून माझं डोकं दुखत होतं ते कालचंच होतं.

पण इंग्रजीची खरी कंजुषी मला नंतर जाणवली. वाळवण संपलं की आजी संध्याकाळी शेजारच्या काकूंना हिशेब द्यायची. गहू तीन दिवस भिजवावे लागले, चीक घोटावा लागला, कुरडया घालाव्या लागल्या, राखण तर दिवसभर करावी लागली. गहू, चीक, कुरडया, राखण, प्रत्येकाप्रमाणे क्रियापद आपला चेहरा बदलतं. भिजवावे, घोटावा, घालाव्या, करावी. आणि नुसतं ते नव्हे, शेजारचं ‘लागणं’सुद्धा त्याच्याबरोबर बदलतं. इंग्रजीत या सगळ्यांना एकच ‘हॅड टु’. आणखी गंमत म्हणजे राबली आजी, पण क्रियापद तिच्याकडे ढुंकून बघत नाही. तिला ‘ला’ जोडून वाक्याच्या कडेला बसवलेलं, ‘आजीला’, आणि मधला मान कुरडयांना. इंग्रजीत करणारी पहिल्या खुर्चीवर बसते आणि सक्ती तिच्या मालकीची असते, हॅव. आमच्याकडे सक्ती येते, भूक लागावी किंवा ठेच लागावी तशी.

होकारात निदान अर्थ तरी शाबूत राहतो. नकारात घात होतो. आमच्या सोसायटीत मागे पाटी लावायची होती. मराठी मजकूर असा होता, ‘दहा मिनिटांसाठी येणाऱ्यांना वहीत सही करावी लागणार नाही.’ खाली कमिटीतल्या कुणीतरी इंग्रजी केलं आणि त्यात ‘मस्ट नॉट साइन’ असं घातलं. ‘वं लागतं’ म्हणजे मस्ट, मग ‘लागत नाही’ म्हणजे मस्ट नॉट, गणित सरळ होतं. पण मस्टपुढचा नॉट सक्ती काढून घेत नाही, तो मनाई घालतो. मराठीत त्याला ‘सही करता कामा नये’ म्हणावं लागेल. सहीची सक्ती नसेल तर ‘डोन्ट हॅव टु’ किंवा ‘डोन्ट नीड टु’. तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंना मराठी येत नाही. त्यांनी आपल्या पाहुण्याला सही करताना पाहिलं आणि वॉचमनलाच झापलं, ‘पाटीवर मना आहे, तू वही पुढे का करतोस?’ वॉचमननं मराठी ओळीवर बोट ठेवलं. दोघंही बरोबर होते. पाटी अजून तशीच आहे. वही मात्र वॉचमननं खणात ठेवून दिलीय.

मस्टला जवळचं आपल्याकडे ‘पाहिजे’. आई सकाळी स्वतःशीच ‘गोळी घेतली पाहिजे’ म्हणते तेव्हा ती स्वतःला दटावत असते. फोनवर मावशीला ‘रोज गोळी घ्यावी लागते’ सांगते तेव्हा दटावणारा डॉक्टर असतो. एवढा कान ठेवला की पहिल्याला मस्ट आणि दुसऱ्याला हॅव टु आपोआप सुचतं. ‘नीड टु’चं मात्र माझ्याशी वैर आहे. तसं ते ‘लागणं’च्या फार जवळचं. मला चष्मा लागतो, चहाला दूध लागतं, इथे नीडच चपखल बसतं. पण उलट्या वाटेनं ते मराठीत आलं की ‘तुम्हाला हे समजून घेण्याची गरज आहे’ असं कानावर आदळतं. अहो, गरज कुणाची? ‘हे समजून घ्यायला हवं’ म्हणा की.

आणि मग आमचे काका. बायपास झाल्यावर त्यांचा फोन आला, ‘‘मी आता चालायला लागलो.’’ परदेशातल्या नातवानं बायकोला सांगितलं, हॅज टु वॉक. तिला वाईट वाटलं, एवढ्या आजारी माणसाला चालायला लावतात! काका तर खुशीत सांगत होते, चालणं सुरू झालं म्हणून. ‘मला चालायला लागलं’ म्हणाले असते तर सक्ती होती, म्हणजे रिक्षा मिळाली नाही वगैरे. सगळा फरक ‘मी’ आणि ‘मला’ यांच्यात. एका ‘ला’वर माणूस बरा झाला की त्याची पायपीट झाली हे ठरतं.

‘‘मामा, हे बरोबर आहे?’’

भाचीनं वही पुढे केली. ‘हॅड टु’ खोडून तिनं ‘वॉज मेड टु लीव्ह’ केलं होतं. बाई विचारतील, कुणामुळे, म्हणून तिनं आधीच सोय करून ठेवलेली. मी म्हटलं, नाही, हे ‘सोडायला लावली’ झालं. दार लागतं वेगळं आणि दार लावतात वेगळं. लावलं म्हटलं की लावणारा आला.

‘‘मग आजी, तुला कुणी सोडायला लावली?’’

‘‘लावली कुणीच नाही गं. अण्णा तर म्हणत होते, मॅट्रिक हो.’’ आईनं निवडलेली पानं चाळणीत टाकली, काड्या पेपरात गोळा केल्या. ‘‘पाठची तिघं लहान होती. घरात बाईमाणूस नव्हतं. सोडावी लागली.’’

भाचीनं आधीचं ‘हॅड टु’ परत लिहिलं. मग ‘बाईमाणूस’ला काय म्हणायचं म्हणून माझ्याकडे बघत राहिली. मी पेपर पुन्हा तोंडावर घेतला.