अंगठ्याखालची अक्षरं

"फोटोत अंगठ्याखाली झाकलेलं नाव काय असणार ते कुणालाही कळतंय. मग तिथं सरळ लिहून का देत नाही, सर?"

कारण मी मोडी कागदांचं देवनागरीत लिप्यंतर करतो, वंशावळ लिहीत नाही. हे तोडून बोलल्यासारखं वाटेल, पण त्याला कारण बीडकडच्या एका घरचं खरेदीखत आहे.

माझ्यापुढे होता तो त्याचा फोटो. मोडीचा कागद, जुन्या घड्यांचा. उलटू नये म्हणून कुणीतरी उजव्या अंगठ्यानं दाबलेला. उजवीकडे समास नाही, त्यामुळे सहाव्या ओळीत 'बिन' दिसतं आणि पुढे बापाचं नाव यायच्या जागी अंगठा. सातव्या ओळीचाही शेवट झाकलेला. वरच्या पाचव्या आणि खालच्या आठव्या ओळीत तेवढ्याच रुंदीत अक्षरं मोजली. एकीत आठ, दुसरीत दहा. घरच्यांनी सांगितलेलं नाव 'पाटील' धरूनही पाचच अक्षरांचं. उरलेल्या जागेत काय होतं? आडनाव, गाव, की 'दत्तक'? मोडीत आधी ओळ आखून मग अक्षरं लटकवतात, शब्द तुटत नाहीत, त्यामुळे तिथं एक शब्द की दोन हेही सांगता येत नाही.

म्हणून मी असं लिहिलं:

ओळ 6: … बिन [अंगठा: 8–10 अक्षरे]
ओळ 7: … [अंगठा: 3–4 अक्षरे]

दोन्ही ओळींचा मिळून एकच कंस केला नाही, कारण मधे सातव्या ओळीची सुरुवात स्वच्छ दिसते. '[फाटले]' असंही लिहिलं नाही. फाटलेलं गेलं ते गेलं. अंगठ्याखालचं कागदावर शाबूत आहे, दुसऱ्या फोटोत मिळेल, हे वाचणाऱ्याला कळायला हवं.

काका चिडले. "आमच्या आज्याचं नाव आम्हाला ठाऊक नाही का?" ठाऊक आहेच, मी कुठं नाही म्हणतो! म्हणून खाली टीप दिली: 'कुटुंबाच्या माहितीनुसार येथे अमुक नाव असावे.' त्यांनी ते लिप्यंतर बाहेर टाइप करून घेतलं. टीप उचलून ओळीत बसली, कंस गेला. आता ते नाव कागदावर वाचल्यासारखंच दिसतं. मूळ कागद चुलतभावाकडे आहे आणि दोन्ही घरांत बोलणं नाही.

पूर्वी मी ठामपणे म्हणायचो की खूण नीट केली की आपलं काम संपलं. आता तेवढ्यानं मन मानत नाही. मग टीपच देऊ नये का? पण घरच्यांना माहीत असलेलं नावही कुठंतरी नोंदलेलं राहायला हवं. सध्या मी टीप वेगळ्या पानावर देतो. ते पान हरवू शकतं, हेही मला दिसतं.

फोटो काढताना कागदावर साधी काच ठेवा, किंवा कोरा कोपरा धरा. आणि चुलतभावानं फोटो पाठवला, तर ती सहावी ओळ मी त्याच दिवशी पुरी करून देईन, मग तिथं कुणाचंही नाव निघो.