उष्णतेची लाट ‘जाहीर’ कधी होते? नाशिककराचा अनुभव

बांधकामावरच्या माणसांची दुपारची पाळी सकाळी आणायची होती. अर्ज केला, तर उत्तर आलं, ‘लाट जाहीर झाली असेल तरच बोला.’ पारा 41 वर होता, गंगापूर रोडवर दुपारी कुत्रंही दिसत नव्हतं. पण अर्ज परत आला आणि राग बाजूला ठेवून मी निकष वाचायला बसलो. कार्यालयाचा सूर चीड आणणारा होता. आकड्यांचं म्हणणं मात्र वेगळं निघालं.

हवामान विभागाचा पहिला दरवाजा असा: सपाट प्रदेशातल्या केंद्रावर कमाल तापमान किमान 40 अंश हवं. किनाऱ्यावर 37, डोंगराळ भागात 30. नाशिकला 40 चा आकडा लागू होतो. तो गाठला की लाट आली, असं आपण धरून चालतो आणि इथेच सगळे अडकतात. 40 म्हणजे फक्त आत यायची परवानगी. लाट आहे की नाही, ते पुढच्या वजाबाकीवर ठरतं.

त्या दिवसाचं कमाल तापमान त्या केंद्राच्या, त्या काळाच्या सरासरीपेक्षा किती जास्त आहे, ते पाहतात. फरक 4.5 ते 6.4 अंश असेल तर उष्णतेची लाट, 6.4 पेक्षा जास्त असेल तर तीव्र लाट. ही सरासरी म्हणजे गेल्या आठवड्याची किंवा गेल्या वर्षीची नव्हे, तर तीस वर्षांच्या नोंदींची.

हिशेबासाठी समजा, एप्रिलमधल्या एका दिवसाची नाशिकची सरासरी 37.6 आहे. पारा 41 वर गेला तर फरक 3.4. घामाच्या धारा लागल्या तरी कागदावर लाट नाही. 42.0 ला फरक 4.4, म्हणजे अजूनही नाही. 42.1 ला लाट. तीव्र लाटेसाठी 44.1 लागेल. माझा अर्ज 41 च्या जोरावर होता, तो टिकणार तरी कसा?

आता याच जिल्ह्यातलं मालेगाव घ्या. तिथे मुळातच ऊन जास्त, म्हणून सरासरीही वर. ती समजा 41.0 धरली, तर पारा 43.5 वर गेला तरी फरक अडीच अंशांचाच. म्हणजे नाशिकला 42.1 ला लाट आणि मालेगावला 43.5 ला ती नाही! अन्याय वाटतो, पण निकष ‘इथल्यासाठी किती वेगळं’ हे मोजतो, ‘किती गरम’ हे नाही. तापट गावांसाठी म्हणूनच दुसरी वाट ठेवली आहे: प्रत्यक्ष कमाल तापमान 45 झालं की सरासरी काहीही असो, लाट, 47 झालं की तीव्र. या उदाहरणातल्या मालेगावला फरकाच्या वाटेने 45.5 गाठावं लागलं असतं, 45 ची वाट त्याआधीच लागते.

उलटा फसवा प्रकार मार्चमध्ये होतो. सरासरी 34 धरा आणि पारा 39. फरक 5 अंश, अंगाला सवय नसल्यानं त्रासही जास्त. तरी लाट नाही, कारण 40 चा दरवाजाच उघडलेला नाही.

हे सगळं एका केंद्राचं झालं. जाहीर होण्यासाठी हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर, सलग किमान दोन दिवस निकष पुरा व्हावा लागतो आणि घोषणा दुसऱ्या दिवशी होते. आपला उपविभाग मध्य महाराष्ट्र. त्यामुळे एकट्या नाशिकमध्ये एक दिवस पारा चढला, तर तेवढ्यावर काही जाहीर होत नाही. घोषणेची वाट पाहत बसलात तर उन्हाचा पहिला दिवस अंगावर निघून गेलेला असतो. म्हणून वेळ बदलायची असेल तर जिल्ह्याच्या पूर्वइशाऱ्याचा, यलो किंवा ऑरेंज अलर्टचा, आधार घ्या. तो अंदाजावर, आधीच दिला जातो. ‘लाट जाहीर’ आणि ‘लाटेचा इशारा’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समोरच्या टेबलाला माहीत असेलच असं नाही.

अर्जाला मोबाइलवरच्या किंवा गाडीच्या डॅशबोर्डवरच्या आकड्याचा फोटो जोडू नका. अधिकृत तापमान जमिनीपासून साधारण सव्वा ते दीड मीटर उंचीवर, जाळीदार पांढऱ्या पेटीत, सावलीत मोजतात. उन्हात तापलेल्या गाडीचा 46 तिथे चालत नाही. दैनंदिन तक्त्यात कमाल तापमानाशेजारी सरासरीपासूनचा फरक अधिक-उणे चिन्हासह दिलेला असतो; तीच ओळ लावा.

आणि रात्रीचा रकानाही बघा. दिवसा 40 किंवा जास्त आणि किमान तापमान सरासरीपेक्षा 4.5 ते 6.4 अंशांनी वर असेल, तर ‘उष्ण रात्र’ ही वेगळी नोंद होते. पत्र्याखाली झोपणाऱ्या माणसांना सकाळी सातला कामावर बोलवायचं की नाही, हे ठरवताना मी आता आधी तो रकाना पाहतो.