पाच गुणांचं उत्तर आणि एक चुकलेलं वाक्य

प्रश्न साधा होता: कच्च्या तेलाचे भागशः ऊर्ध्वपातन स्पष्ट करा आणि प्रत्येक स्तरावर मिळणाऱ्या पदार्थांचे उपयोग लिहा. माझी आकृती सुबक होती. नावं वरून खाली बरोबर क्रमानं होती, उपयोगही बरोबर होते. तरी पाचात दोनच गुण मिळाले. एका वाक्याखाली लाल रेघ होती आणि बाजूला काहीच लिहिलेलं नव्हतं. वाक्य होतं: ‘तेल हळूहळू तापवले की आधी पेट्रोल, मग रॉकेल, मग डिझेल बाहेर पडते.’

नुसती रेघ ओढून काय कळणार? त्याचा राग आजही गेलेला नाही. दोन ओळी लिहिल्या असत्या तर माझे चार दिवस वाचले असते. त्या ओळी इथे लिहितो.

माझ्या डोक्यात प्रयोगशाळेतला चंबू होता. तिथे खरोखरच तसंच होतं: खालून तापवत जायचं, थर्मामीटर चढत जातो आणि लवकर उकळणारा पदार्थ आधी बाहेर येतो. म्हणजे तिथे पदार्थ वेळेनुसार वेगळे होतात. तेल शुद्धीकरणाच्या मनोऱ्यात मात्र ते उंचीनुसार वेगळे होतात. तेल सतत आत येत असतं आणि सगळे पदार्थ एकाच वेळी, पण वेगवेगळ्या उंचीवरून, बाहेर पडत असतात. ‘आधी’ आणि ‘मग’ हे शब्दच तिथे लागू होत नाहीत.

तेल मनोऱ्यात शिरण्याआधीच भट्टीत साधारण 350 ते 370 अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेलं असतं. त्यातला बराचसा भाग वाफ झालेला असतो. मनोरा तळाशी सर्वांत गरम असतो आणि वर जावं तसा थंड होत जातो. आता बारा कार्बनची सरळ साखळी असलेला एक रेणू घ्या. त्याचा उत्कलनबिंदू 216 अंश. तीनशे अंशांच्या थरात तो द्रव होऊन टिकू शकत नाही, म्हणून वाफेबरोबर वर जातो. दोनशेच्या आसपासच्या थरात पोहोचला की बहुतेक तिथेच द्रव होतो. सोळा कार्बनचा सोबती 287 अंशांचा, तो खालीच राहिलेला असतो. आठ कार्बनचा 126 अंशांचा, तो आणखी वर निघून जातो. म्हणजे मनोऱ्यातला मुख्य प्रश्न कोण कुठे थंड होऊन द्रव होतो हा आहे. मी उकळण्यावरच अडलो होतो.

प्रत्येक थरात भोकांची आडवी ताटली असते आणि तिच्यावर द्रव साचलेला असतो. खालची वाफ त्या द्रवातून बुडबुडे काढत वर जाते. चुकून तिथे अडकलेले हलके रेणू या गरम वाफेमुळे पुन्हा वर जातात आणि जड रेणू ओघळून खालच्या ताटलीवर उतरतात. हे ताटलीगणिक होत राहतं, म्हणून भाग बऱ्यापैकी वेगळे होतात. पूर्ण शुद्ध मात्र होत नाहीत. शेजारच्या दोन भागांची तापमानं एकमेकांत शिरतात, म्हणूनच दोन पुस्तकांतले आकडे जुळत नाहीत. एका आकड्याऐवजी ‘सुमारे इतके ते इतके’ असं लिहा.

बाकी उत्तर सरळ आहे. अगदी वर वायू राहतात, एक ते चार कार्बनचे. त्यातले प्रोपेन आणि ब्यूटेन दाबाखाली द्रव करून स्वयंपाकाचा गॅस म्हणून सिलिंडरमध्ये भरतात. त्याखाली सुमारे 40 ते 180 अंशांत पेट्रोल आणि नॅफ्था. नॅफ्थापासून प्लॅस्टिक आणि इतर रसायनांचा कच्चा माल बनतो. मग 250 पर्यंत रॉकेल, जे स्टोव्ह-दिव्यांत आणि शुद्ध करून विमानांत वापरतात. त्याखाली सुमारे 350 पर्यंत डिझेल: ट्रक, रेल्वे, जनित्रं.

तळाला उरलेला जाड भाग ‘उकळत नाही’ असं मी लिहिलं होतं, तेही अर्धवट होतं. तो उकळवायला आणखी तापवलं तर लांब रेणू उकळण्याआधीच तुटू लागतात आणि भट्टीच्या नळ्यांत कोळशासारखा थर बसतो. म्हणून तो दुसऱ्या, कमी दाबाच्या मनोऱ्यात नेतात. दाब कमी केला की उत्कलनबिंदूही उतरतो. तिथे वंगण तेल आणि मेणाचा भाग निघतो. शेवटी उरतं ते रस्त्याचं डांबर. जड भाग इंधन तेल म्हणून जहाजांत आणि बॉयलरमध्येही जाळतात.

पुढच्या परीक्षेत मी त्या लाल रेघेच्या जागी लिहिलं: ‘तापवलेल्या तेलाची वाफ मनोऱ्यात वर चढते, प्रत्येक घटक आपल्या उत्कलनबिंदूपेक्षा थंड थरात पोहोचला की तिथे द्रव होतो आणि त्याच उंचीवरून काढून घेतात.’ आकृती तीच होती. पाचपैकी पाच मिळाले.

हो, आकृतीत तापमानाचा बाण विसरू नका: तळाशी ‘गरम’, माथ्यावर ‘थंड’. पहिल्या वेळी माझ्या आकृतीत तो नव्हता.